रस्त्याने येणारा ओटीपी आणि जागेवर तयार होणारा ओटीपी

खात्यात शिरताना पासवर्डनंतर जो सहा आकडी कोड मागितला जातो, तो ग्राहकाच्या हाती दोन प्रकारे येतो. पहिल्या प्रकारात खाते चालवणाऱ्या कंपनीचा संगणक कोड तयार करतो आणि एसएमएसने मोबाइलवर पाठवतो. दुसऱ्या प्रकारात कोणीच काही पाठवत नाही. ग्राहकाच्या फोनमधले ऑथेंटिकेटर ॲप आणि कंपनीचा संगणक आपापल्या जागी एकच गणित सोडवतात आणि दोघांचे उत्तर सारखे येते. टाकायचे आकडे दोन्हीकडे सहाच असल्यामुळे बहुतेकांना ही एकाच कुलपाची दोन रूपे वाटतात. चोराला मात्र यातला फरक नीट ठाऊक असतो. पहिला कोड प्रवास करतो, आणि प्रवासात तो जिथे जिथे थांबतो तिथे तिथे त्याला गाठता येते. दुसरा कोड प्रवासच करत नाही.

पासवर्डच्या जोडीला कोड मागण्यामागचा विचार साधा आहे. पासवर्ड ही माहीत असलेली गोष्ट. ती फसवून काढून घेता येते, चोरलेल्या याद्यांत सापडते, कधी अंदाजानेही कळते. म्हणून दुसरा पुरावा असा हवा, की जो माहितीचा नसून जवळ असलेल्या वस्तूचा असेल. एसएमएसच्या कोडमागे ‘ज्याच्या हातात फोन, तो मालक’ असे गृहीत धरलेले असते. हे गृहीतकच कच्चे आहे. एसएमएस फोनच्या यंत्राला ओळखत नाही. तो नंबरला ओळखतो, आणि नंबर फोनमध्ये नसतो, सिममध्येही नसतो. अमुक नंबर सध्या अमुक सिमवर चालू आहे, अशी मोबाइल कंपनीच्या नोंदवहीतली ती एक ओळ असते. ती ओळ बदलली की जुना फोन मालकाच्या खिशात असला तरी नंबर दुसऱ्याचा होतो.

एसएमएसचा रस्ता पाहिला तर हे अधिक स्पष्ट होते. बँकेच्या किंवा ईमेल कंपनीच्या संगणकात कोड तयार होतो. तिथून तो बहुधा घाऊक एसएमएस पाठवणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे जातो आणि मग मोबाइल कंपनीच्या एसएमएस केंद्रात. हे केंद्र ग्राहकनोंदीला विचारते, की हा नंबर आत्ता कुठे आहे? उत्तर येईल त्या भागातल्या टॉवरवरून संदेश फोनपर्यंत पोहोचतो. एवढ्या वाटेत हा मजकूर पाठवणारा आणि घेणारा या दोघांपुरता कुलूपबंद नसतो. मधल्या यंत्रणांना तो वाचता येतो. शिवाय जिथे पोहोचवायचे तो पत्ता दर वेळी नोंदवहीला विचारूनच ठरतो. म्हणून चोराला कोड फोडत बसण्याची गरज नसते. पत्ता बदलला की पुरते.

पत्ता बदलण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सिम बदलणे. सिम हरवते, खराब होते, ४जीचे ५जी करायचे असते, त्यामुळे त्याच नंबरचे नवे सिम देण्याची सोय प्रत्येक मोबाइल कंपनीला ठेवावीच लागते. चोर याच सोयीचा उपयोग करतो. तो आधी फसव्या फोनने किंवा बनावट वेबसाइटवरून ग्राहकाचा पासवर्ड, जन्मतारीख, आधारची प्रत असे साहित्य जमवतो आणि मग ग्राहकाच्या नावाने नवे सिम मागतो. ही मागणी कधी बनावट ओळखपत्र दाखवून दुकानाच्या काउंटरवर होते, कधी आतल्या माणसाला हाताशी धरून. कधी ग्राहकाच्याच हातून संमती काढून घेतली जाते. भारतात ही शेवटची युक्ती बरीच चालली. कंपनीतून बोलतोय असे सांगणारा माणूस ‘नेटवर्क सुधारण्यासाठी’ एक लांबलचक नंबर एसएमएस करायला लावी. तो नंबर म्हणजे चोराच्या हातातल्या कोऱ्या सिमच्या पाठीवर छापलेला, वीसेक आकडी क्रमांक असे. तो पाठवून, मग आलेल्या फोनवर १ दाबून ग्राहक आपलाच नंबर चोराच्या सिमवर चढवून देई. हीच युक्ती आता ई-सिमच्या नावानेही केली जाते.

डिसेंबर २०१८च्या शेवटी मुंबईतल्या माहीम भागातील एका कापड व्यापाऱ्याच्या बाबतीत असेच घडले. रात्री उशिरा त्याच्या फोनवर सहा मिस्ड कॉल आले. सकाळी फोन पाहिला तर सिम बंद पडलेले. मोबाइल कंपनीकडे चौकशी केल्यावर उत्तर मिळाले, की रात्री सिम बदलण्याची विनंती तुमच्याच नंबरवरून आली होती. तोवर त्या नंबरशी जोडलेल्या कंपनीच्या खात्यातून २८ व्यवहारांत सुमारे १ कोटी ८६ लाख रुपये निघून गेले होते. व्यापाऱ्याचा फोन रात्रभर त्याच्या घरीच होता. त्याने कोणाला ओटीपी सांगितलाही नव्हता. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ ही सूचना अगदी बरोबर आहे, पण या प्रकारच्या चोरीत ती लागूच पडत नाही, कारण ओटीपी सांगण्याची वेळच येत नाही. तो थेट चोराच्या फोनवर उतरतो.

रात्रीची वेळही विचार करून निवडलेली असते. नवे सिम चालू झाले, की जुन्या सिमचे नेटवर्क जाते. दिवसा हे तासाभरात लक्षात येते, रात्री सकाळपर्यंत येत नाही. म्हणून आजूबाजूच्या त्याच कंपनीच्या फोनना नेटवर्क असताना एकाच फोनवर ‘नो सर्व्हिस’ किंवा ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ दिसू लागले आणि फोन बंद-चालू करूनही ते जाईना, तर त्याकडे टॉवरचा बिघाड म्हणून पाहू नये. न मागितलेल्या सिमबदलाचा किंवा ई-सिमचा एसएमएस येणे ही त्याआधीची पायरी. अशा वेळी दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला सांगून खाते गोठवायचे, मग मोबाइल कंपनीला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवायचे. इथे क्रम महत्त्वाचा आहे. नंबर परत मिळायला वेळ लागतो आणि पैसे तेवढा वेळ थांबत नाहीत.

ही चोरी फक्त पैशांसाठी होते असेही नाही. ९ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या, म्हणजे एसईसीच्या, एक्स या समाजमाध्यमावरील खात्यातून बिटकॉइनविषयीची एक खोटी घोषणा झाली आणि बिटकॉइनचा भाव काही मिनिटांत वर-खाली झाला. तपासात निघाले ते असे: एका माणसाने बनावट ओळखपत्र छापून अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिल गावात मोबाइलच्या दुकानातून त्या खात्याशी जोडलेल्या नंबरचे नवे सिम घेतले, ते नव्या फोनमध्ये घातले आणि आलेला कोड साथीदारांना दिला. खात्याचे दुहेरी संरक्षण त्या वेळी बंदच होते, पण पासवर्ड नव्याने बसवण्याचा कोड मोबाइल नंबरवर येत होता. वित्तीय बाजारांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या खात्याची किल्ली अशा रीतीने एका दुकानाच्या काउंटरवर मिळाली. ‘दुसरा पुरावा’ म्हणून जोडलेला नंबर पुष्कळदा एकुलता एक पुरावा होऊन बसतो, हे या प्रकरणात फार स्वच्छ दिसते.

भारतात या वाटेवर काही अडथळे उभे केले गेले आहेत. दूरसंचार विभागाने २०२२च्या अखेरीस दिलेल्या आदेशानुसार सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्या नंबरवरची एसएमएस सेवा बंद ठेवावी लागते, म्हणजे खऱ्या मालकाला जागे व्हायला एक दिवस मिळतो. जुलै २०२४पासून सिम बदललेला नंबर सात दिवस दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. हे दोन्ही नियम उपयोगाचे आहेत. पण ते फक्त एक दार बंद करतात. काही सेवा एसएमएस न मिळाल्यास फोन करून कोड वाचून दाखवतात. ते कॉल दुसरीकडे वळवण्यासाठी चोर `*401*` आणि पुढे स्वतःचा नंबर असा क्रम ग्राहकाला डायल करायला लावत. एप्रिल २०२४मध्ये कोड डायल करून कॉल वळवण्याची ही सोयच थांबवण्याचे आदेश दूरसंचार विभागाला द्यावे लागले.

दुसरे दार मोबाइल कंपन्यांच्या आपसातल्या बोलण्यात आहे. एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या हद्दीत किंवा परदेशात गेला, की त्याचे कॉल आणि संदेश कुठे पाठवायचे हे या कंपन्या एकमेकींना एसएस७ नावाच्या संकेतपद्धतीतून कळवतात. ही पद्धत १९७०च्या दशकात घडली. त्या काळी फोनकंपन्या मोजक्या, बहुतेक सरकारी आणि एकमेकींच्या ओळखीच्या होत्या, त्यामुळे आलेला निरोप खरा मानायचा हा तिचा पाया ठरला. ‘हा नंबर आता माझ्या हद्दीत आला आहे, त्याचे संदेश माझ्याकडे पाठवा’ असे जाळ्यावरच्या कोणी कळवले, की नोंदवही ते मान्य करते. डिसेंबर २०१४मध्ये टोबियास एंगल आणि कार्स्टन नोल या जर्मन संशोधकांनी हँबर्गच्या परिषदेत हा विश्वास किती सहज वापरून घेता येतो ते दाखवले. जानेवारी २०१७मध्ये जर्मनीतच ते प्रत्यक्ष घडले. चोरांनी आधी बँक ग्राहकांचे खाते क्रमांक, पासवर्ड आणि मोबाइल नंबर मिळवले, मग एका परदेशी जाळ्यातून तसे निरोप पाठवून बँकेचे एसएमएस स्वतःकडे वळवले आणि खाती रिकामी केली. ओटू-टेलेफोनिका या कंपनीने हे मान्य केले. इथे सिमही बदललेले नसते, त्यामुळे ग्राहकाच्या फोनवर जवळजवळ काहीच दिसत नाही. मोबाइल कंपन्या आता संशयास्पद निरोप गाळणाऱ्या भिंती उभारतात. मात्र अशी भिंत प्रत्येक कंपनीने आपापली बांधायची असते, आणि ती किती पक्की आहे हे ग्राहकाला पाहता येत नाही.

तिसरे दार ग्राहकाच्याच फोनमध्ये. अँड्रॉइड फोनवर ‘एसएमएस वाचण्याची परवानगी’ घेतलेले कोणतेही ॲप येणारा प्रत्येक संदेश पाहू शकते आणि पुढे धाडू शकते. वाहतूक दंडाचे चलन किंवा लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फायली नेमके हेच करतात. फाइल उघडून परवानगी दिली, की त्यानंतरचा प्रत्येक ओटीपी मालकाने वाचण्याआधी चोराकडे पोहोचलेला असतो.

आता दुसऱ्या प्रकाराकडे. ऑथेंटिकेटर ॲपची पद्धत मे २०११मध्ये आरएफसी ६२३८ या क्रमांकाने प्रसिद्ध झालेल्या खुल्या मानकात लिहिलेली आहे. तिचे नाव टीओटीपी, म्हणजे वेळेवर आधारलेला एकदाच वापरायचा पासवर्ड. गूगल, मायक्रोसॉफ्ट किंवा आणखी कोणाचे ॲप घेतले तरी आतले गणित हेच असते, म्हणून एका कंपनीच्या ॲपमध्ये दुसऱ्या कंपनीचे खाते जोडता येते.

सुरुवातीला खात्याच्या सेटिंगमध्ये एक क्यूआर चौकोन दिसतो आणि तो ॲपने स्कॅन करायचा असतो. त्या चौकोनात गूढ काही नाही. तो उलगडला तर साधारण अशी एक ओळ मिळते:

```
otpauth://totp/namuna?secret=GEZDGNBVGY3TQOJQGEZDGNBVGY3TQOJQ
```

`secret=` नंतरची ३२ अक्षरे ही गुप्त किल्ली. खऱ्या खात्यात ती यादृच्छिक असते, म्हणजे फासे टाकून काढावी तशी. कंपनीचा संगणक ती तयार करतो, एक प्रत स्वतःजवळ ठेवतो आणि एक या चौकोनातून फोनला देतो. ही देवाणघेवाण एकदाच होते. तीही मोबाइल नंबरच्या वाटेने होत नाही, तर खातेदार आधीच लॉगिन करून बसलेल्या सुरक्षित पानावर होते. त्यानंतर किल्ली पुन्हा कधी पाठवावी लागत नाही. म्हणून या चौकोनाचा स्क्रीनशॉट काढून ठेवणे धोक्याचे आहे. फोटो आपोआप क्लाउडवर चढतात, आणि तो एक फोटो ज्याच्या हाती लागेल त्याला पुढचे सगळे कोड कायमचे मिळतात.

किल्लीच्या जोडीला दोघांकडे आणखी एक गोष्ट सारखी असते, ती म्हणजे घड्याळ. संगणकाच्या जगात काळ १ जानेवारी १९७०च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून सेकंदांत मोजतात. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. टीओटीपी या सेकंदांना ३०ने भागते आणि पूर्णांक तेवढा घेते, म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला हा आकडा एकाने वाढतो. १ जानेवारी २०२५ला पहाटे साडेपाच वाजता तो ५,७८,५६,३२० होता, पृथ्वीवरच्या प्रत्येक बरोबर चालणाऱ्या घड्याळात तोच.

मग ॲप किल्ली आणि हा काळाचा आकडा एकत्र घुसळून काढते. या घुसळणीच्या पद्धतीला एचएमएसी म्हणतात. तिचा गुण असा, की किल्ली आणि आकडा दिला तर उत्तर क्षणात मिळते, पण उत्तरावरून किल्लीकडे परत जाता येत नाही. वर दिलेली किल्ली मानकातच चाचणीसाठी छापलेली आहे, त्यामुळे तिच्यावर हिशेब उघडपणे करून पाहता येतो. काळाचा आकडा १ घेऊ, म्हणजे १९७०च्या त्या पहिल्या दिवशी पाच वाजून ३० मिनिटे ३० सेकंदांपासून ५९ सेकंदांपर्यंतचा अर्धा मिनिट. घुसळणीतून दोन-दोन चिन्हांच्या वीस जोड्या बाहेर पडतात:

```
75 a4 8a 19 d4 cb e1 00 64 4e
8a c1 39 7e ea 74 7a 2d 33 ab
```

या पद्धतीत ० ते ९ नंतर a म्हणजे १०, b म्हणजे ११, असे f म्हणजे १५ पर्यंत मोजतात. शेवटच्या जोडीतले शेवटचे चिन्ह b आहे, म्हणजे ११. म्हणून सुरुवातीच्या अकरा जोड्या सोडायच्या आणि पुढच्या चार उचलायच्या: c1, 39, 7e, ea. ऋण संख्येचा घोळ होऊ नये म्हणून पहिल्या जोडीतला सर्वांत वरचा बिट काढून टाकतात, त्यामुळे c1 चा 41 होतो. उरलेली संख्या आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत लिहिली की 1094287082 येते. तिचे शेवटचे सहा आकडे हा कोड:

```
287082
```

फोनने एवढे केले. कंपनीच्या संगणकाने आपल्याजवळच्या किल्लीवर त्याच अर्ध्या मिनिटात नेमके हेच केले, तर त्यालाही 287082 च मिळते. खातेदाराने टाकलेला आकडा जुळला की दार उघडते. या सगळ्यात फोनला इंटरनेट लागत नाही, सिम लागत नाही, विमानात फ्लाइट मोडवरही कोड दिसत राहतो. परदेशात गेल्यावर भारतीय नंबरचे रोमिंग चालू ठेवण्याची जी धडपड मराठी घरांतून होते, ती निदान या खात्यांसाठी करावी लागत नाही.

आधीच्या तिन्ही दारांवर आता चोर उभा करून पाहता येईल. त्याने काउंटरवरून नवे सिम मिळवले, पण कोड त्या नंबरवर येतच नाही. त्याने एसएस७मधून संदेश वळवले, पण वळवायला संदेश नाही. चलनाच्या नावाच्या ॲपने एसएमएस वाचले, त्यात कोड नाही. एखादा कोड त्याने खांद्यावरून डोकावून पाहिला तरी थोड्याच वेळात तो निकामी होतो, आणि पाहिलेल्या कोडांवरून पुढचा कोड काढता येत नाही, कारण घुसळण उलट फिरत नाही. किल्ली अंदाजाने शोधायची तर शक्यतांची संख्या ४९ आकडी आहे. उरला सहा आकड्यांचा अंदाज. घड्याळातल्या फरकाची सवलत म्हणून कंपनी बहुधा आधीच्या अर्ध्या मिनिटाचाही कोड चालवून घेते, म्हणजे एका प्रयत्नात दहा लाखांत एक-दोन एवढी संधी. चार-पाच चुकांनंतर खाते काही काळ बंद केले की तीही जवळजवळ संपते. कोड चोरायचा तर आता त्या एका फोनपर्यंतच पोहोचावे लागते. दुकानातला कर्मचारी, मध्यस्थ कंपनी, परदेशी जाळे यांपैकी कोणाच्याही चुकीने तो हाती लागत नाही.

म्हणून जाणकार संस्थांचा कल गेली काही वर्षे एकाच दिशेने आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, जून २०१७च्या मार्गदर्शिकेत मोबाइल जाळ्यावरून पाठवलेला कोड ‘मर्यादित’ वर्गात टाकला. तो वापरायचा तर जोखीम ग्राहकाला सांगा आणि दुसरा पर्याय द्या, असा त्याचा अर्थ. पुढच्याच वर्षी, जून २०१८मध्ये, रेडिट या संकेतस्थळाच्या कर्मचाऱ्यांची खाती फोडली गेली. तिथे दुहेरी संरक्षण होते, पण एसएमएसचे, आणि ते कोड मधल्यामध्ये पकडले गेले असे कंपनीने स्वतः जाहीर केले.

तरीही ॲपचा कोड एका चोरीपुढे एसएमएसइतकाच दुबळा आहे. बँकेसारखे किंवा ईमेलसारखे हुबेहूब दिसणारे बनावट पान उघडले, खातेदाराने तिथे पासवर्ड आणि कोड टाकला, तर पलीकडचा संगणक ते दोन्ही त्याच क्षणी खऱ्या पानावर टाकून आत शिरतो. त्याला अर्धा मिनिट पुरतो, कारण हे काम यंत्र करते. कोड बरोबर आहे एवढेच खऱ्या पानाला कळते, तो कोणत्या पानावर टाइप झाला हे कळण्याचा मार्ग या गणितात नाही. फोनवर गोड बोलून कोड विचारून घेणाऱ्याचेही तेच. ही उणीव पासकी भरून काढते. पासकी ज्या संकेतस्थळासाठी बनवली त्याचाच पत्ता समोर असेल तरच उत्तर देते, म्हणून बनावट पानाला तिच्याकडून काहीच मिळत नाही. जिथे पासकीची सोय आहे तिथे ती ॲपच्या कोडपेक्षाही वरची समजावी.

ॲप घेतल्यावर प्रत्यक्षात लोक अडकतात ते निराळ्याच ठिकाणी. फोन हरवला किंवा पाण्यात पडला, तर किल्ल्या त्याच्याबरोबर गेल्या, आणि नव्या फोनमध्ये जुनेच सिम घातले तरी त्या परत येत नाहीत. यासाठी ॲप जोडतानाच खाते आठ-दहा राखीव कोड देते, आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावेत. बहुतेक जण हे पान पुढे ढकलून देतात आणि फोन गेल्यावर त्याची आठवण काढतात. काही ॲप किल्ल्यांची प्रत क्लाउडवर ठेवतात. गूगलच्या ॲपमध्ये ही सोय एप्रिल २०२३मध्ये आली. फोन बदलताना ती फार उपयोगी पडते, पण मग ते क्लाउड खाते जो फोडेल त्याला सगळ्याच किल्ल्या मिळतात. ही प्रत ठेवायची तर ते खाते सर्वांत मजबूत असावे लागते. ‘कोड चुकीचा आहे’ असा निरोप पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर बहुतेक वेळा दोष फोनच्या घड्याळाचा असतो. कोणीतरी वेळ हाताने बदललेली असते. वेळ आपोआप घेण्याचे सेटिंग चालू केले की कोड जुळू लागतात.

सर्वांत महत्त्वाची चूक मात्र दिसत नाही. ॲप जोडले, पण खात्यात मोबाइल नंबरही तसाच राहिला. लॉगिनच्या पानावर ‘दुसऱ्या प्रकारे प्रयत्न करा’ असा एक पर्याय असतो. चोर तो दाबतो, एसएमएस मागवतो, आणि ॲप नसल्यासारखेच होते. खाते तेवढेच मजबूत असते, जेवढी त्याची सर्वांत कच्ची वाट. म्हणून ॲपचा कोड चालतो याची खात्री झाल्यावर आणि राखीव कोड लिहून झाल्यावर, सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन एसएमएसचा पर्याय काढावा लागतो, आणि पासवर्ड विसरल्यावर नव्याने बसवण्याच्या वाटेतूनही नंबर हटवता येत असेल तर हटवावा लागतो. सुरुवात ईमेलपासून करावी. इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच नव्याने बसवता येतात, त्यामुळे ईमेल गेले की बाकीची खाती रांगेने जातात.

बँकेच्या बाबतीत भारतीय ग्राहकाला ही निवड फारशी मिळालेली नाही. ऑनलाइन कार्ड व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने २००९मध्ये दुसरा पुरावा सक्तीचा केला. तो नियम जगात बराच पुढचा होता, आणि देशभरच्या साध्या फोनवरही चालेल असा मार्ग म्हणून एसएमएस ओटीपी घरोघरी पोहोचला. त्याची एक जमेची बाजू नोंदवायलाच हवी. चांगल्या बँकेच्या एसएमएसमध्ये कोडच्या शेजारी रक्कम आणि पैसे कोणाला जात आहेत ते लिहिलेले असते. ‘परतावा’ मिळण्यासाठी मागितलेल्या ओटीपीच्या संदेशात ४९,००० रुपये खर्च होत असल्याचे वाचून सावध होता येते. ऑथेंटिकेटर ॲपचे सहा आकडे असे काही सांगत नाहीत. ते केवळ काळावरून आलेले असतात, त्यांना व्यवहार माहीतच नसतो. खात्यात शिरण्यासाठी ते उत्तम आहेत, पैसे पाठवण्याची संमती म्हणून अपुरे.

सप्टेंबर २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने दिलेल्या आणि १ एप्रिल २०२६पासून लागू ठरवलेल्या निर्देशांत या दोन्ही गोष्टींची दखल दिसते. दोन पुरावे हवेतच. समोरासमोर कार्ड न वापरता होणाऱ्या व्यवहारांत त्यांपैकी किमान एक त्या-त्या व्यवहारासाठी वेगळा तयार झालेला हवा. पण तो एसएमएसनेच आला पाहिजे असे बंधन नाही. त्यामुळे बँकेच्या स्वतःच्या ॲपला फोनशी बांधून, त्यातच रक्कम आणि नाव दाखवून, तिथेच बोटाच्या ठशाने मंजुरी घेण्याची वाट मोकळी झाली आहे. त्या वाटेवर किल्ली फोनच्या बाहेर पडत नाही, आणि कशाला संमती देतो आहोत हेही त्याच पडद्यावर वाचता येते.